दिस्तिंतो म्हणजे डिस्टिंक्शन नव्हे!

आपल्याकडे डिस्टिंक्शन म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे इटलीतल्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे 'दिस्तिंतो' असं दिसलं, की मराठी घरात लगेच पेढे वाटायची तयारी होते. सांगलीत आमच्या आत्याकडे झालीच होती. साताऱ्याचे कंदी पेढे तर मीच घेऊन गेले होते.

हा मामला 2025च्या जुलैतला. माझा आतेभाऊ सहा वर्षं इटलीत, तोरिनोला नोकरीला होता. कंपनीनं त्याला आयर्लंडला हलवलं. तो पुढे गेला आणि वहिनी दोन्ही मुलांना घेऊन व्हिसा येईपर्यंत सांगलीला आली. डब्लिनजवळच्या शाळेनं दोघांच्या इटालियन प्रगतिपुस्तकांचं इंग्रजी भाषांतर मागितलं. घरात इटालियन मी शिकलेली (आमच्या कंपनीचा क्लायंट मिलानचा, त्याची कृपा), त्यामुळे शनिवारी साताऱ्याहून सांगली!

वहिनी तिकडे बोलण्यापुरतं इटालियन शिकली होती. डिक्शनरी घेऊन तिनं वहीत कच्चं भाषांतर करूनही ठेवलं होतं. प्रत्येक शब्द डिक्शनरीप्रमाणे बरोबर, आणि तरीही पोरांचं चित्र पार बदललेलं.

धाकट्याची तिसरी झालेली. इटलीच्या प्राथमिक शाळेत आता आकडे नाहीत, प्रत्येक विषयाला एक शब्द असतो. वरून खाली असे सहा : ओत्तिमो, दिस्तिंतो, ब्वोनो, दिस्क्रेतो, सुफ्फिचेंते आणि शेवटी नोन सुफ्फिचेंते, म्हणजे नापास. दिस्तिंतो वरून दुसरा. इंग्रजीत त्याचं 'डिस्टिंक्शन' केलं तर वाचणाऱ्याला वाटणार, पोरानं सगळ्यात वरची श्रेणी मारली. म्हणून मी 'व्हेरी गुड' लिहिलं. दिस्क्रेतोचं वहिनीनं 'डिस्क्रीट' केलं होतं, म्हणजे गुपित राखणारा! खरं तर तो पासच्या एकच पायरी वर, 'बऱ्यापैकी'. 

पण गंमत पुढे आहे. त्याच मुलाच्या दुसरीच्या कार्डावर यातला एकही शब्द नव्हता. 2020च्या डिसेंबरमध्ये तिथल्या प्राथमिक शाळांतून आकडी मार्क गेले आणि चार पातळ्या आल्या : आवान्झातो, इंतेरमेदियो, बाझे आणि 'नुकतंच शिकू लागलाय' अशा अर्थाची चौथी. त्याही अख्ख्या विषयाला नाहीत, विषयातल्या प्रत्येक उद्दिष्टाला वेगळ्या. मग 2024चा कायदा आणि 2025च्या जानेवारीतला आदेश आला आणि 2024-25च्या वार्षिक निकालापासून हे सहा शब्द लागू झाले. म्हणजे एकाच मुलाच्या लागोपाठच्या दोन कार्डांवर दोन वेगळ्या भाषा. दुसरीत इंतेरमेदियो, तिसरीत दिस्तिंतो. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, 'वा, मध्यम होता, एकदम हुशार झाला!' प्रत्यक्षात इंतेरमेदियो चारांत दुसरा आणि दिस्तिंतो सहांत दुसरा. पोरगं होतं तिथेच आहे.

म्हणून माझा साधा नियम असा. आधी कार्डावरचं वर्ष बघायचं, मग त्या वर्षीची पूर्ण शिडी शोधायची आणि ती अख्खी शिडी भाषांतराच्या खाली टीप म्हणून द्यायची. एकटा शब्द कितीही नेमका निवडला, तरी तो कितव्या पायरीवरचा हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मोठीचं कार्ड सोपं वाटलं होतं. तिची सहावी, म्हणजे तिथली मिडल स्कूलची पहिली. तिथे दहापैकी आकडे असतात. इटालियन 7, गणित 8, इंग्रजी 9. आत्याचा चेहरा पडला. 'सात? म्हणजे सत्तर टक्के? हिचा बाप तर कायम नव्वदच्या वर!' वहिनीनंही प्रत्येक आकड्यापुढे टक्के लिहून टाकले होते.

मी ते खोडले. आपल्याकडे 35ला पास, तिथे 6ला. सहा ते दहा अशा पाचच पायऱ्या, त्यातली सात ही दुसरी. सरळ दहानं गुणलं तर सत्तर टक्के. पास ते पैकीच्या पैकी अशा अंतरानं मोजलं तर सात म्हणजे पाव वाट, आणि आपल्या 35 ते 100मध्ये पाव वाट म्हणजे जेमतेम 51. दोन्ही हिशेब बरोबर दिसतात, आणि दोन्हींतलं एकही उत्तर त्या शिक्षकानं लिहिलेलं नाही. भाषांतर करणाऱ्यानं हे गणित करूच नये. 'दहापैकी 7, पाससाठी किमान 6' एवढं लिहावं, पुढचं शाळा बघेल.

दोघांच्याही कार्डावर कॅथलिक धर्म या विषयापुढे 'नोन सि अव्वाले' होतं. वहिनीचं भाषांतर : 'लाभ घेतला नाही'. जणू मुलं वर्षभर तासाला दांडी मारत होती! तिथे हा विषय घ्यायचा की नाही हे पालक ठरवतात. 1984च्या व्हॅटिकनबरोबरच्या कराराप्रमाणे तो ऐच्छिक आहे आणि न घेणाऱ्यांना पर्यायी तास मिळू शकतो. मी लिहिलं, 'पालकांच्या इच्छेनुसार विषय घेतलेला नाही'. आणि शेवटच्या ओळीतलं 'वरच्या वर्गात ॲडमिशन' काढून 'प्रमोटेड' केलं, नाहीतर डब्लिनवाले विचारतील, ॲडमिशन झालीये तर आमच्याकडे कशाला?

खरा वाद धाकट्याच्या बाईंच्या शेऱ्यावरून झाला. आपल्या प्रगतिपुस्तकात 'सुधारणा आवश्यक' असा वेगळा रकाना असतो, तिथे ते सगळं गोड वाक्यात गुंडाळतात. शेरा होता : 'एदुकातो' आणि 'विवाचे' मुलगा, वाचनात मार्गदर्शन मिळालं तर चांगलं करतो. एदुकातो म्हणजे 'एज्युकेटेड' नव्हे, चांगल्या वळणाचा. विवाचे म्हणजे उत्साही खरंच, पण शिक्षकांच्या तोंडी त्याला 'एका जागी बसत नाही' असा वास असतो. मी 'लाइव्हली' ठेवलं, कारण इंग्रजी शिक्षकही तो शब्द अगदी त्याच वासानं वापरतात.

वहिनी अडली ती 'मार्गदर्शन मिळालं तर' पाशी. म्हणाली, 'तेवढं गाळ ना गं. नुसतं चांगलं करतो लिही. तिकडे इटालियन कोणाला येतंय?'

तिची भीती मला कळत होती. नवा देश, नवी भाषा, त्यात पहिल्याच दिवशी पोराच्या कपाळावर शिक्का नको. पण इटालियन या विषयासमोरचा शब्द सुफ्फिचेंते होता, आणि त्या शब्दाची तिथली अधिकृत व्याख्याच अशी, की मूल मुख्यतः शिक्षकांच्या आधारानं काम करतं. म्हणजे शेरा आणि श्रेणी एकच गोष्ट सांगत होते. शेरा गाळला तर तिसरी भाषा शिकणाऱ्या मुलाला वाचनात मदत हवी, हे वर्गातल्या नव्या बाईंना कळायला दिवाळी उजाडली असती. मी म्हटलं, 'वहिनी, ते वाक्य त्याच्या विरुद्ध नाही, त्याच्यासाठी आहे. आणि खाली सही माझी आहे.' ती दहा मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन आली आणि म्हणाली, 'ठेव.'

मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का जिथे होते तिथे तसं कंसात नोंदवलं, शेवटी माझं निवेदन, नाव, तारीख. मूळ कार्डाच्या प्रतीसकट स्कॅन करून रात्री पाठवून दिलं. चार दिवसांनी शाळेचं उत्तर आलं, त्यात धाकट्याबद्दल एकच प्रश्न होता : घरी तो कोणत्या भाषेत वाचतो?

आत्यासाठी म्हणून मी मराठीतही एक प्रत काढली होती. ती चष्मा लावून सगळं वाचत बसली. धाकट्यानं विचारलं, 'आजी, विवाचेला मराठीत काय म्हणतात?' तिनं माझा 'उत्साही' वाचला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'द्वाड.'