टाचणासोबतची चिठ्ठी

तुमच्यापैकी कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं असेल, तर पाठ टाचणाचा ठरलेला नमुना आठवत असेल. आधी प्रस्तावनेचे तीन-चार प्रश्न, मग हेतुकथन, मग विषयविवेचन, शेवटी मूल्यमापन आणि गृहपाठ. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगते, विस्तार अधिकारी तपासणीला आले की आधी टाचणवही मागत. नमुना मोडलेला दिसला तर शेरेबहीत तसा शेरा पडे, आणि तो पुढे वर्षानुवर्षं वाचला जाई.

मी एकदा हातच्याच्या वजाबाकीचं टाचण उलटं लिहिलं आणि सोबत साहेबांसाठी चिठ्ठी जोडली. तिच्यातली कारणं अशी होती.

आदल्या दिवशी मी मुलांना 52 वजा 27 घातलं होतं. निम्म्या पाट्यांवर उत्तर होतं 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन काढले. ही नजरचूक नाही, मुलांनी स्वतः बसवलेला नियम आहे. अशा वेळी ‘आज आपण हातच्याची वजाबाकी शिकणार’ असं सांगून रीत दाखवली, तर मुलं ती उतरवून घेतात. पाचावर काट मारून चार, दोनाच्या जागी बारा. उत्तर बरोबर येतं, पण तो एक दशक कुठे गेला हे कळलेलं नसतं, आणि जुना नियम आत तसाच राहतो.

म्हणून माझ्या टाचणात मूल्यमापन पहिलं होतं आणि हेतुकथन नव्हतंच. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवायच्या आणि सत्तावीस मागायच्या. दोन गठ्ठे लगेच मिळतात. सात सुट्या देताना मूल अडतं, आणि कोणी न सांगता एका गठ्ठ्याचं रबर काढतं. मग उरलेल्या मोजायच्या. पंचवीस. पाटीवर तर पस्तीस! त्यानंतरच फळ्यावरची रीत.

मर्यादाही लिहिली होती. शंभराच्या पुढे काड्या आवरत नाहीत, तिथे शंभर, दहा आणि एकच्या खोट्या नोटा घ्याव्यात. आणि समज खरी की पाठ केलेली, हे 402 वजा 158 घातल्यावर कळतं, कारण तिथे सुटा करायला दशकच नसतो.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, काही बोलले नाहीत. स्वतः खडू घेऊन 61 वजा 38 लिहिलं. तिघांनी 37 काढलं. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात त्यातलीच एक मुलगी न विचारता उठून काड्या घेऊन आली आणि मोजून 23 म्हणाली. शेरेबहीत एवढंच आलं: ‘टाचणातील बदल सकारण. चिठ्ठी वहीला जोडून ठेवावी.’

इथल्या शाळेत याला रीग्रुपिंग म्हणतात. नातवंडांचं पाहायचं असेल तर कागद नको. पाच डाइम आणि दोन पेनी हातात द्या, सत्तावीस सेंट मागा, आणि सुटे करून मागतात का तेवढं बघा.