डोळे आले, की सुरम्याची सलाई वेगळी

उर्दूत आम्ही याला 'आशोब-ए-चश्म' म्हणतो, मराठीत साधं 'डोळे येणे'. दोन्ही शब्द मी वर्गात शिकवतो, पण आजार मला कळला तो २०२३ च्या पावसाळ्यात. जुलैत आळंदीतल्या शाळांच्या बातम्या आल्या आणि बघता बघता साथ राज्यभर पसरली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातही लालभडक डोळ्यांची मुलं दिसू लागली.

तिसरीतला एक मुलगा सकाळी अम्मीसोबत आला. ती म्हणाली, "सर, झोपेतून उठला तर पापण्या चिकटलेल्या होत्या. म्हणजे पू झाला ना? मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकचे थेंब आणले." मलाही तेव्हा तसंच वाटलं. चिकटलं म्हणजे पू, पू म्हणजे जिवाणू.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मात्र आधी प्रश्न विचारले. सुरुवात एका डोळ्यापासून झाली का? दुसरा कधी आला? सर्दी होती का? डावा डोळा आधी लाल झाला, दोन दिवसांनी उजवा, आणि त्याआधी सर्दी. दिवसभर डोळ्यातून पाणीच गळत होतं. कानापुढे बोट दाबल्यावर छोटी गाठ लागली. ही लक्षणं विषाणूकडे बोट दाखवतात. रात्रभर डोळे मिटलेले असले की पातळ स्रावही वाळून पापण्या चिकटतात, म्हणून केवळ चिकटण्यावरून निदान होत नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. थंड ओली पट्टी ठेवायची आणि वाट बघायची. बहुतेकांना एक ते दोन आठवड्यांत बरं वाटतं.

त्याच आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट वेगळी निघाली. तिचा पिवळा, घट्ट चिपड पुसला की थोड्याच वेळात पुन्हा भरायचा, दिवसभर. डॉक्टरबाईंनी ते जिवाणूचं मानून थेंब दिले आणि दोन-तीन दिवसांत फरक पडला. तरी त्या म्हणाल्या, "नुसतं बघून आम्हालाही दरवेळी खात्री देता येत नाही. पण मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले थेंब परस्पर घेऊ नका." लाली लगेच उतरते, पण आत दुसरा संसर्ग असेल तर तो वाढून बुबुळाला इजा होऊ शकते.

आता माझी चूक. त्या मुलाला मी घरी पाठवलं नाही. काळा चष्मा लावून शेवटच्या बाकावर बसवलं आणि दारात सॅनिटायझरची बाटली ठेवली. आठवड्याभरात वर्गातल्या नऊ मुलांचे डोळे आले. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. नजरेने हा आजार लागतही नाही. तो लागतो हाताने. मुलगा डोळा चोळतो, तोच हात नळाला, बाकाला, मित्राच्या रबराला लागतो. या साथींमागे बहुतेकदा असणाऱ्या अडिनो आणि एंटेरो विषाणूंवर सॅनिटायझरचा परिणाम कमी होतो. साबण आणि वाहतं पाणी जास्त कामाचं.

मग आम्ही नळाशी साबण ठेवला आणि वर्गातला एकच सामायिक टॉवेल काढून टाकला. ज्याचे डोळे आले त्याने पाणी आणि चिपड थांबेपर्यंत घरीच राहायचं, गैरहजेरीचा ओरडा नाही, हेही ठरवलं. पालकसभेत मी घरातल्या वस्तूंवर बोललो. सुरम्याची एकच सलाई घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत फिरते. दुखणं असेपर्यंत सुरमा-काजळ बंद ठेवा आणि सलाई ज्याची त्याला वेगळी द्या. वजूनंतर तोंड पुसायचा टॉवेल वेगळा ठेवा. एकाच बाटलीतले थेंब भावंडांना टाकू नका, कारण बाटलीचं टोक पापणीला लागतंच. डोळा पुसायला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस घ्या, नाकाकडून बाहेर एकदाच पुसा आणि टाकून द्या. मग हात धुवा. आईचं दूध, मध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका.

गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या माझ्या मित्राची अडचण मोठी. मुलाचं गाव जंगलात, पावसात नाला भरला की रस्ता बंद. घरी पाठवणार कसं? त्याने एक खोली रिकामी केली आणि आजारी मुलांच्या उशा, बादल्या, टॉवेल तिथेच ठेवले. हाही मार्ग आहे.

मात्र काही लक्षणांत वाट बघायची नाही: डोळा खुपतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, पापणी सुजून उघडत नाही, किंवा बाळ महिन्याभराचंही नाही. अशा वेळी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

त्या नऊ मुलांपैकी एकाच्या अम्मीने मला विचारलं होतं, "सर, पहिल्याच दिवशी त्याला घरी का नाही पाठवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पावसाळा लागला की नळाशी साबण आहे का, हे मी आधी बघतो.