शेऱ्याचे तीन रकाने

‘समाधानकारक’ हा शब्द मराठीत प्रथम कोणी रूढ केला हे मला ठाऊक नाही. परंतु शिक्षकांच्या गोपनीय अहवालात तो जितका राबला आहे तितका अन्यत्र कोठेही राबला नसेल. अध्यापन समाधानकारक, विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक, सहकाऱ्यांशी वर्तन समाधानकारक. तीन रकाने, तीन शब्द, खाली मुख्याध्यापकाची लफ्फेदार सही, आणि एका माणसाचे एक वर्ष फायलीत बंद! यातली मौज अशी की, हा शब्द लिहिण्याचेही कष्ट घेतले नाहीत तरी चालते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९८१ साली जी नियमावली झाली, तिच्या पंधराव्या नियमाप्रमाणे प्रत्येक शिक्षकाचा अहवाल दरवर्षी लिहावयाचा असतो आणि प्रतिकूल शेरा त्याला लेखी कळवावयाचा असतो. अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळविला नाही, तर त्या वर्षाचे काम समाधानकारक होते असेच धरावे लागते. म्हणजे मुख्याध्यापकाने लिहिलेला ‘समाधानकारक’ आणि त्याचा कोरा कागद यांची किंमत कायद्याच्या तराजूत एकच भरते.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगांतील एका अनुदानित शाळेत मी अनेक वर्षे मुख्याध्यापक होतो. दर उन्हाळ्यात हे अहवाल माझ्यापुढे येत. नापसंतीचा शेरा लिहिणे कठीण, असे सामान्यतः समजले जाते. माझा अनुभव उलट आहे. नापसंतीच्या शेऱ्याला निदान उत्तर देता येते. गुळमुळीत स्तुतीला उत्तर नसते, आणि तीच पुढे माणसाला नडते. सर्वोच्च न्यायालयात २००८ साली देव दत्त नावाच्या एका अभियंत्याचे प्रकरण निकालात निघाले. त्यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ अशी नोंद होती. बढतीसाठी मात्र ‘फार चांगला’ ही पायरी हवी होती. त्या ‘चांगला’ने त्यांची बढती अडली आणि ती नोंद त्यांना कधी कळविलीही गेली नव्हती. न्यायालयाने सांगितले की, नोंद बरी असो वा वाईट, ज्याची त्याला ती कळलीच पाहिजे. आपल्या राज्य सरकारच्या श्रेणींत तर ‘चांगला’च्या वर ‘निश्चित चांगला’ अशी एक पायरी आहे. मग नुसता ‘चांगला’ हा अनिश्चित समजावयाचा की काय, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

पहिला रकाना अध्यापनाचा. वर्गात मुख्याध्यापक शिरला की पाठ बदलतो, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असते. फळ्यावरचे अक्षर वळणदार होते आणि हुशार मुलांचे हात वर जातात. म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसे आणि शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाही. कागदावर दोनच गोष्टी टिपी: किती प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे कोणत्या रांगेतून आली. एकदा एका पाठात अकरा प्रश्न झाले आणि त्यांपैकी नऊ उत्तरे पुढच्या दोन रांगांनी दिली. दुसरी खूण म्हणजे प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या सुमारास पुष्कळ वर्गांत हे मोजले. शिक्षक सरासरीने एक सेकंदच थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबू लागले की उत्तरे लांबतात व एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद म्हणजे काय मोठेसे! पण वर्गातली ती शांतता शिक्षकाला खावयास उठते, विशेषतः मागे मुख्याध्यापक बसलेला असताना.

तिसरी खूण वह्यांची. पाठ संपल्यावर मी शेवटच्या रांगेतल्या चार वह्या मागून घेई. तांबड्या शाईने दुरुस्त केलेली चूक पुढच्या पानावर पुन्हा आली आहे का, एवढेच पाही. ती तशीच पुन्हा पुन्हा येत असेल तर तपासणी झाली, पण शिकवणे झाले नाही. असा शेरा लिहिला की तो शिक्षकाला झोंबतो खरा. परंतु त्याला तो पडताळून पाहता येतो, आणि पुढच्या वर्षी खोटाही ठरविता येतो.

दुसऱ्या रकान्याची कथा मात्र निराळी आहे, आणि बीडकडे ती फारच निराळी आहे.

विद्यार्थ्यांची प्रगती मोजून शिक्षकाचा हिशेब करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेला बांधून टाकले. वाचन, लेखन, गणित यांत मूल जितक्या विषयांत नापास होई तितके अनुदान कमी. तपासनीस येणार म्हणून शिक्षक मुलांकडून पुस्तकच पाठ करून घेऊ लागले. शाळा-तपासनीस असलेल्या कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. तरीही ती शतक सरत येईपर्यंत टिकली, आणि मुंबई इलाख्यातही तिने हातपाय पसरले होते. लो यांच्या हिशेबात एक गृहीत होते: जे मूल वर्षारंभी वर्गात असते तेच वर्षाखेरीसही असते. आमच्याकडे ते गृहीतच कोसळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या येतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणे चुकत नाही. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे, किंवा ज्यांना हंगामी वसतिगृहाचा आधार मिळतो, त्यांची मुले मागे राहतात. बाकीची फडावर जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. कधी परततही नाहीत.

आमच्या पाचवीच्या वर्गाचा एका वर्षाचा हिशेब सांगतो. वर्ग एका बाईंकडे होता. त्यांनी ऑगस्टमध्ये प्रत्येक मुलाला एकेक करून जवळ बोलावले आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचा दहा ओळींचा उतारा वाचावयास दिला. पाठ्यपुस्तकातला धडा मुले घोकून म्हणतात. तो चालत नाही. शंका आली की शेवटची ओळ आधी वाचावयास सांगावे. पाठ असलेले मूल तेथेच अडखळते. पट चौतीस होता. त्यांपैकी वीस मुलांनी उतारा सरळ वाचला, चौदांना तो वाचता आला नाही. एप्रिलमध्ये तसाच नवा उतारा दिला, तेव्हा तीस मुले हजर होती आणि एकवीस वाचू शकली.

आता शेरा काय लिहावा? वीसाचे एकवीस झाले. म्हणजे वर्षभर राबून बाईंनी एक मूल वाचते केले. किंवा शेकडेवारी काढावी: एकोणसाठाचे सत्तर झाले, म्हणजे उत्तम प्रगती. हे दोन्ही शेरे त्याच आकड्यांवर उभे राहतात आणि दोन्ही खोटे आहेत. दुसऱ्यातली वाढ तर निम्म्याहून अधिक केवळ चार मुले हजर नसल्यामुळे झालेली आहे.

बाईंनी वर्गाचे दोन भाग पाडले होते. वर्षभर गावात राहिलेली मुले पंचवीस. त्यांतली ऑगस्टमध्ये वाचणारी चौदा, एप्रिलमध्ये वीस. फडावर गेलेली मुले नऊ; त्यांतली सहा जाण्यापूर्वी वाचत होती. नवांपैकी परतली पाच. त्या पाचांतले चौघे ऑगस्टमध्ये वाचत होते, आता एकच वाचतो. म्हणजे त्या खोलीत सहा मुले वाचावयास शिकली होती आणि खोलीबाहेर तिघे विसरले होते. बेरजेने दोन्ही गोष्टी पुसून टाकल्या होत्या.

बाई म्हणाल्या, “सर, त्या तिघांचा दोष माझ्या रकान्यात लिहिणार का?”

“नाही. पण राहिलेल्यांतले पाच अजून वाचत नाहीत, ते लिहिणार.”

“लिहा. त्यांची नावे मी तुम्हाला देते.”

मी तसेच लिहिले. प्रगतीच्या रकान्यात आकडे तीन ओळींत मांडले, गेलेल्या मुलांची ओळ वेगळी ठेवली, आणि पाचांपैकी दोघांची नजर अधू असल्याचा बाईंचा संशयही नोंदविला. यावरून बाई उत्कृष्ट शिक्षिका ठरतात असे मात्र मी लिहिले नाही. पंचवीस मुले आणि एक वर्ष एवढ्या भांडवलावर तसा निकाल देता येत नाही. एखादे मूल घरच्या ताईमुळेही वाचू लागते. या वर्गात काय घडले, एवढेच ते आकडे सांगतात.

तिसरा रकाना सहकार्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत लबाड. त्यात कधी आज्ञाधारकपणा लिहिला जातो, कधी शिक्षकखोलीतली लोकप्रियता, कधी निव्वळ जुना राग. याच बाईंविषयी सहकाऱ्यांची तक्रार माझ्या कानावर आली होती. फडावर गेलेल्या मुलांची हजेरी त्या रोज गैरहजर अशीच मांडीत. हजेरी इतकी उतरलेली दिसली तर पुढे तुकडी तुटेल आणि आपल्यापैकी कोणीतरी अतिरिक्त ठरेल, ही इतरांना धास्ती. ती अगदीच निराधार नव्हती. शिक्षकांची पदे पटावरच मंजूर होतात. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मला सुचविले, “बाई पटवून घेत नाहीत, एवढे लिहा, वाईट काही लिहू नका.”

सहकार्य हे कोणाशी कोणाचे आणि कशात, हे सांगितल्याशिवाय तो शब्द वापरू नये, असे माझे मत आहे. म्हणून मी कागद धुंडाळले. सहावीच्या शिक्षकांना बाईंनी प्रत्येक मुलाची एक ओळ लिहून दिली होती: कोण वाचतो, कोणाचा भागाकार कच्चा, कोण फडावरून उशिरा येतो. एक सहकारी निवडणुकीच्या कामावर गेले तेव्हा त्यांचा वर्ग बाईंनी आपल्या वर्गाशेजारी बसवून सांभाळला होता. त्या दिवसांच्या वह्या तपासलेल्या सापडल्या. स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी मात्र त्यांनी आपला तास सोडला नव्हता, दोनदा. हे तिन्ही मी लिहिले. हजेरीच्या वादाविषयी मी एकच वाक्य लिहिले की, बाईंचा हजेरीपट आणि वर्गातली प्रत्यक्ष मुले मी सहा वेळा मोजून पाहिली आणि ती सहाही वेळा जुळली. ते वाक्य संस्थेच्या फेरतपासणीत कोणी खोडले नाही. त्याच्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह तेवढे पडले.

अहवालाची प्रत बाईंनी माझ्यासमोर वाचली आणि तालमींच्या ओळीवर बोट ठेवले. तो तास गणिताचा होता, हेही लिहावे, असे त्यांचे म्हणणे. ते मी त्यांच्या हस्ताक्षरात खाली जोडून घेतले. न परतलेल्या चार मुलांसाठी नमुन्यात रकानाच नव्हता. त्यांची नावे समासात लिहिली आणि ती यादी जूनमध्ये पटनोंदणीला निघणाऱ्या शिक्षकांच्या हाती दिली.