काळपट फोटो आणि वहीतला तक्ता

लातूर जिल्ह्यातल्या खरोसा लेण्यांत काढलेला फोटो नांदेडला घरी येऊन पाहिला, तर सगळा काळपट! असे फोटो उजळायची एक रीत आहे, हिस्टोग्राम इक्वलायझेशन. ती वहीवर करून बघायचं ठरवलं.

० म्हणजे काळा, ७ म्हणजे पांढरा, अशा आठ छटा धरल्या. मग १६ चौकटींचं काळपट चित्र मांडलं. त्यात १ ते ४ एवढ्याच छटा.

| छटा | चौकटी | चढती बेरीज | नवी छटा |
|---|---|---|---|
| १ | ४ | ४ | २ |
| २ | ६ | १० | ४ |
| ३ | ४ | १४ | ६ |
| ४ | २ | १६ | ७ |

चढत्या बेरजेला ७ ने गुणायचं, एकूण १६ चौकटींनी भागायचं आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा. छटा २ साठी १० × ७ ÷ १६ = ४.३७५, म्हणून ४.

पहिल्यांदा मी चुकलेच. चढत्या बेरजेऐवजी नुसत्या चौकटी घेतल्या. छटा ४ ला ०.८७५, म्हणजे १ आला. सगळ्यात उजळ चौकटी सगळ्यात काळ्या झाल्या! चढती बेरीज कधी घटत नाही, म्हणून उजेड-अंधाराचा क्रम टिकतो. शेवटचा रकाना वरून खाली वाचताना आकडा घटला, तर समजा गडबड तिथंच आहे.

मुलीनं विचारलं, "आई, आता मूर्तीचं नाक दिसेल का गं?"

छटांमधलं अंतर वाढलं, पण छटा चारच राहिल्या. फोटोत नाक अन् मागची भिंत एकाच छटेची असेल, तर दोन्ही एकसारखेच उजळणार. तिला म्हटलं, नाही दिसणार बाळा.