नवऱ्या मुलाच्या दाढीबद्दल

चि. मधुरास,

फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, “मामा, दाढीची कड दोन मिनिटांत सरळ केली.” ते दिसतंयच गं! गालाला पट्टी लावून कुणी काजळाची रेघ ओढावी तसा तो मुलगा दिसतोय. आणि वर विचारतेस, कड अजून थोडी मऊ करू का? मुळीच नको. मऊ केलीस की दाढी अर्धवट पुसल्यासारखी दिसेल.

अगं, दाढीला कड नसतेच. न्हाव्याने वस्तरा फिरवला तरी तिथे केसच असतात, एक जाड, एक बारीक, एखादा तिरका. लांबून पाहताना आपला डोळा त्यांची रेघ जुळवतो. म्हणून रेघ आखायला जाऊ नकोस, फक्त चुकार खुंट उचल. मूळ फोटोला हात न लावता वर कोरा लेयर घे. Clone Stamp घे, त्याचं Sample `Current & Below` वर ठेव आणि त्या कोऱ्या लेयरचा Blend Mode `Lighten` कर. मग नमुन्यापेक्षा काळं असेल तेवढंच बदलतं, म्हणजे खुंट जातो आणि कातडीचा पोत बराचसा राहतो. ब्रश केसापेक्षा जरासाच मोठा हवा. नमुना अगदी शेजारचा घे, कारण दोन बोटं पलीकडे गेलीस की उजेड बदलतो. आणि सगळे खुंट काढू नकोस. रेघेच्या बाहेर चारदोन बारीक केस राहू देत.

तू मात्र Healing Brush फिरवलास. डाव्या कल्ल्याखाली तो राखाडी डाग कसला, ते मला बघताक्षणी कळलं. हा ब्रश आजूबाजूचा रंग ओढून मिसळतो, आणि कडेला त्याच्या आजूबाजूला दाढीच असते. गालाच्या मध्यावर एखादा एकटा केस असेल तर खुशाल वापर, कडेला नको. जबड्याखाली वस्तऱ्यानंतर जी निळसर छटा उरते, तिथे केस शोधत बसू नकोस. तो रंगाचा प्रश्न आहे. `Color` मोडच्या लेयरवर गालाचाच रंग उचलून पंधरा-वीस टक्के जोराने लाव. उजेड-सावली तशीच राहते, निळेपणा तेवढा उतरतो.

आबांच्या टेबलावर बसून तू त्यांच्या टोकदार पेन्सिली मोडायचीस, आठवतं ना? त्या पेन्सिली ह्याच कामाच्या होत्या. निगेटिव्हवर काळा केस पारदर्शक दिसतो. त्यावर शिशाचा नाजूक ठिपका दिला की छापताना तिथे उजेड अडतो आणि केस फिका उतरतो. ठिपका जास्त झाला तर गालावर पांढरा डाग, म्हणून आबांचा हात नेहमी थोडं कमीच करायचा. तुझ्याकडे Ctrl+Z आहे, त्यामुळे तुझा हात थांबतच नाही!

आता उजव्या हनुवटीजवळची विरळ जागा. मधुरा, ती भरायला तुला सांगितलं कुणी? त्याने चुकार केस काढायला सांगितले होते, तूच लिहिलंस. आणि तू डावा गाल उलटा करून तिथे चिकटवलास. उजेड डावीकडून येतोय, मग उजव्या गालावरच्या केसांची चमक उजवीकडे कशी? भरायचंच असेल तर त्याच गालाच्या खालच्या भागातून तुकडा घे, नाहीतर दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने एकेक केस काढ. रंग त्याच्याच केसातून उचल, शुद्ध काळा नको. आधी खालची कातडी किंचित गडद कर, कारण दाट दाढीत केसांमधली कातडी उजळ दिसत नसते. गालावर केस खाली, हनुवटीकडे उतरतात, पण जबड्याखाली दिशा बदलते, कधी आडवी, कधी वर. ती मूळ फोटोत बघूनच ओढ. आणि तरी निम्मी जागा मोकळी सोड. त्याच्या आईने ती जागा रोज बघितलीय. फ्रेम दिवाणखान्यात लागेल, तो स्वतः तिच्याशेजारी उभा राहील, आणि पाहुणे एकदा त्याच्याकडे, एकदा फोटोकडे बघतील. माझा जीव त्याच्यासाठी नाही, तुझ्या नावासाठी वरखाली होतो.

शिवाय हे काम रात्री एकला पाठवलेलं दिसलं. थकलेल्या डोळ्याला प्रत्येक खुंट डाग वाटतो आणि हात चालतच राहतो. शंभर टक्के मोठा करून काम कर, पण ठरव मात्र पूर्ण चेहरा स्क्रीनवर मावेल इतका लहान करून, आणि तेही सकाळी.

मला मूळ फाइल मेलने पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवरची नको, तिच्यात केसांचे नुसते चौकोन झालेत. आणि मी बघेपर्यंत लॅबला प्रिंट सांगू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा