वर्गाच्या ग्रुपचं नाव : काही टिपणं

व्हॉट्सअॅपवर माणसाचा नंबर आपण आपल्या सोयीच्या नावानं ठेवतो. ‘दूधवाले काका’, ‘प्लंबर नवा’, ‘मावशी नाशिक’. त्या काकांना ते कळतही नाही. ग्रुपच्या बाबतीत ही मुभा नाही. ग्रुपला एकच नाव आणि ते सगळ्यांच्या फोनवर सारखंच दिसतं. चाळीस मुलांचा वर्ग धरला, तर आई, बाबा आणि कुठे आजी-आजोबा मिळून साठ-सत्तर फोन होतात. शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून एकानं घाईत टाकलेलं नाव एवढ्या लोकांना वर्षभर वागवावं लागतं.

*

हे नाव बहुधा उत्साही पालक ठेवतो आणि उत्साही पालकाचं बहुधा पहिलंच मूल शाळेत आलेलं असतं. त्याच्या फोनवर शाळेचा हा एकच ग्रुप. म्हणून ‘पालक ग्रुप’ किंवा ‘आपला वर्ग’ त्याला पुरतं. पण थोरली आठवीत, धाकटा चौथीत, व्हॅनचा ग्रुप निराळा, कराटेचा निराळा, सोसायटीचे दोन, माहेरचा एक, सासरचा एक अशी जिची यादी आहे, तिला ‘आपला वर्ग’ वाचून काय कळणार? नाव खरं तर तिच्यासाठी ठेवायचं असतं. ज्याच्याकडे एकच ग्रुप आहे, त्याला तो नाव नसतं तरी सापडला असता.

*

व्हॉट्सअॅप ग्रुपच्या नावाला आता शंभर अक्षरांपर्यंत जागा देतं. पूर्वी पंचवीसच मिळायची आणि ती अडचणच बरी होती असं मला वाटतं. जागा आहे म्हटल्यावर लोक शाळेची पाटीच उतरवून काढतात : ‘अमुक एज्युकेशन सोसायटीचे तमुक विद्यामंदिर, प्राथमिक विभाग, इयत्ता चौथी, तुकडी ब, पालक’. चॅटच्या यादीत मात्र नावाला एकच ओळ मिळते आणि ओळ संपली की पुढचं कापलं जातं. किती दिसेल ते फोनवर आणि अक्षरांच्या आकारावर ठरतं. दोन्ही मुलं एकाच शाळेत असलेल्या आईला यादीत जे दिसतं ते असं :

अमुक एज्युकेशन सोसायटी…
अमुक एज्युकेशन सोसायटी…

वरचा ग्रुप चौथीचा की आठवीचा? उघडल्याशिवाय कळायचं नाही. आजोबांनी अक्षरं मोठी करून घेतलेली असली तर त्यांना ‘अमुक एज्यु…’ एवढंच दिसेल. मग आठवीच्या ग्रुपवर ‘चिरंजीवांना ताप आहे, आज येणार नाही’ हा निरोप पडतो आणि चौथीत गैरहजेरी लागते.

आता तेच नाव उलटं लावा. जे वेगळं आहे ते आधी, जे सगळीकडे सारखं आहे ते नंतर :

4B पालक, तमुक विद्यामंदिर 2025-26
8A पालक, तमुक विद्यामंदिर 2025-26

हे कुठेही कापलं गेलं तरी ‘4B पालक’ शिल्लक राहतं. शाळेचं नाव दुसऱ्या जागी हवं, कारण एका घरातली दोन मुलं दोन शाळांत असू शकतात आणि चौथी ब दोन्हीकडे असते. संस्थेचं नाव मात्र गाळलं तरी चालतं. संस्थाचालक काही या ग्रुपवर नसतात.

*

शोधायच्या खिडकीचं एक लक्षात ठेवावं. आपण जी अक्षरं टाइप करू, तीच ती शोधते. आपल्याकडे निम्मे पालक ‘udya sutti ahe ka’ असं रोमन मराठी लिहितात. ते खिडकीत ‘palak’ टाइप करतात आणि देवनागरीतला ‘पालक’ त्यांना सापडत नाही. म्हणून वर्ग-तुकडी रोमनमध्ये आणि बाकीचं देवनागरीत, ही भेसळ मला पसंत आहे. ‘4b’ ही दोन अक्षरं प्रत्येक कीबोर्डवर असतात आणि कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही. फक्त ‘4B’ जोडून लिहावं. ‘4-B’, ‘4 B’, ‘IV B’ असं लिहिलं की शोधणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागतं.

गावाकडच्या शाळेत सगळेच ‘चौथी ब’ म्हणत आणि लिहीत असतील, तर ‘चौथी ब पालक’ हेच नाव उत्तम. जे तोंडात आहे ते लिहावं. काही शाळांत तुकड्यांना फुलांची नावं असतात. तिथले पालक नशीबवान, कारण ‘चौथी जास्वंद’ हजारात ओळखू येईल.

नक्षीदार अक्षरांचा मात्र मोह टाळावा. कुठल्याशा अॅपवरून आणलेली ती जाड, वळणदार ‘4B’ दिसायला इंग्रजी असते, पण फोनच्या लेखी ती वेगळीच चिन्हं असतात. साधं 4b टाइप करून ती हमखास सापडतील असं धरून चालू नये. आणि ज्यांना दिसत नाही म्हणून फोन वाचून दाखवतो, त्या पालकांना ती धड ऐकूही येत नाहीत.

*

‘पालक’ हा शब्द का हवा? कारण ‘मम्मीज ऑफ 4B’ म्हटलं की बाबा गप्प बसतात आणि मुलाला सांभाळणारी आत्या तर त्यात मोजलीच जात नाही. ‘पालक’मध्ये सगळे येतात. शिवाय वर्गशिक्षिका या ग्रुपवर आहेत की नाहीत, हेही नावातून कळलं पाहिजे. बाई असतील तर ‘4B पालक-शिक्षक’. नसतील तर नुसतं ‘4B पालक’. हा फरक बारीक वाटतो, पण परीक्षेच्या वेळापत्रकावर कुणी चार शब्द जास्त बोलून गेलं की त्याची किंमत कळते.

तिसरा प्रकार ‘4B सूचना’. हे नाव ठेवायचं तर सेटिंगमध्ये जाऊन फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करावी. नाव ‘सूचना’ आणि आत शुभ सकाळचे गुलाब, असं झालं की आठवड्याभरात लोक ग्रुप म्यूट करतात. मग सहलीची खरी सूचना कुणी वाचत नाही.

‘ऑफिशियल’ हा शब्द शाळेनं स्वतः काढलेल्या ग्रुपपुरता राखून ठेवावा. पालकांनी आपापसात काढलेल्या ग्रुपला तो लावला, तर उद्या कुणीतरी तिथली अफवा शाळेचा निरोप समजून मुलाला घरी ठेवेल.

*

शिष्टाचाराचं सांगायचं तर नावात दटावणी नको. ‘4B फक्त अभ्यास, नो फॉरवर्ड’ असं नाव मी पाहिलं आहे. दुखावले गेले ते मुकाट्यानं वाचणारे आणि फॉरवर्ड करणारे करतच राहिले. नियमांसाठी ग्रुपच्या माहितीत भरपूर जागा आहे, ते तिथे लिहावेत.

कौतुकही नको. ‘4B टॉपर्स’मध्ये ज्याचं मूल कसंबसं पास होतंय, त्या बापानं गणिताची शंका कशी विचारायची? बाईंचं नाव घालायचं असेल तर आधी त्यांना विचारावं. त्यांची बदली झाली की नाव बदलावं लागेल, ते वेगळंच.

आणखी एक. निरोप आला की ग्रुपचं नाव फोनच्या बंद पडद्यावरही उमटतं आणि व्हॉट्सअॅप लॅपटॉपला जोडलेलं असलं तर तिथेही. कचेरीत बैठक चालू आहे, लॅपटॉपचा पडदा भिंतीवर दिसतो आहे आणि कोपऱ्यातून ‘4B चे बिनधास्त पालक’ डोकावतात. साहेब हसून सोडून देतील, पण ज्याचा फोन आहे तो तो ग्रुप त्याच दिवशी म्यूट करेल.

*

ग्रुपच्या चित्राला नावाइतकाच मान द्यावा. गणपती, सूर्यास्त आणि गुलाब निम्म्या ग्रुपांवर असतात. पिवळ्या कागदावर ठळक मार्करनं 4B लिहून फोटो काढला की काम झालं.

*

सालाचा घोळ जूनमध्ये होतो. तुकड्या तशाच वर सरकल्या तर त्याच ग्रुपचं नाव ‘5B पालक, तमुक विद्यामंदिर 2026-27’ करावं. तुकड्या फोडून नव्यानं केल्या असतील तर नवा ग्रुप काढणंच बरं. पण मग जुन्याचं काय? तो सोडून जायला सगळ्यांना संकोच वाटतो, सोडल्याचं आता फक्त अॅडमिनला कळत असलं तरी. अॅडमिननं त्याचं नाव ‘जुना 4B, 2025-26’ करावं आणि ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं, असा एक निरोप टाकावा. ‘जुना’ शब्द पुढेच हवा. गेल्या वर्षी थोरला 4B मध्ये होता आणि यंदा धाकटा 4B मध्ये आहे, अशा घरात शेवटी लिहिलेलं साल कापलं जातं आणि दोन्ही ग्रुप जुळ्यांसारखे दिसतात.

अॅडमिन दोघे-तिघे असावेत. एकटा अॅडमिन ग्रुप सोडून गेला, तर व्हॉट्सअॅप उरलेल्यांतून कुणालाही अॅडमिन करतं. मग नावाचा अधिकार अशा माणसाकडे जातो, ज्याला तो आल्याचा पत्ताही नसतो. नाव कोण बदलू शकतं, हेही सेटिंगमधून अॅडमिनपुरतं ठेवता येतं. ठेवावंच. नाहीतर मुलाच्या हातात फोन गेलेल्या एखाद्या रविवारी ग्रुपचं नाव ‘Free Fire King’ होतं आणि कुणी बदललं ते त्या पालकाच्या नावानिशी सगळ्यांना दिसतं.

*

वर्ष अर्धं झालं, नाव खटकतंय, पण ते एका हौशी आईनं ठेवलेलं आहे. काय करावं? ग्रुपवर चर्चा काढू नये. सात नावं देऊन मतदान तर मुळीच घेऊ नये, कारण हरलेली सहा नावंही कुणीतरी प्रेमानं सुचवलेली असतात. तिलाच खासगीत लिहावं : ‘ताई, ग्रुप छान सांभाळताय. माझ्याकडे दोन वर्गांचे ग्रुप आहेत आणि यादीत माझी चुकामूक होते. नावाच्या सुरुवातीला 4B आलं तर बरं होईल. जमेल का?’ यात तिच्या नावाला नावं ठेवलेली नाहीत. अडचण आपली आहे, उपाय छोटा आहे आणि बदल तिच्याच हातून होतो. मी पाहिलं तिथे तरी असा निरोप कुणी नाकारलेला नाही.

*

येत्या जूनमध्ये ग्रुप काढायची पाळी तुमच्यावर आली, तर एवढं करा. मनात ठरलेलं नाव आधी दोन मुलं एकाच शाळेत असलेल्या एखाद्या पालकाला पाठवा आणि त्यांच्या फोनवर यादीत त्यातलं किती दिसतं ते विचारा. ‘4B पालक’ दिसतंय म्हणाले, की मग बाकीच्यांचे नंबर घालायला घ्या.