नायट्रोजनाचा हिशेब

आज उत्तरपत्रिका तपासताना, 28 ग्रॅम नायट्रोजनापासून किती अमोनिया मिळेल, या साध्या प्रश्नाच्या एका उत्तराने माझे चित्त पुष्कळ वेळ खिळवून ठेवले. N₂ + 3H₂ → 2NH₃ हे समीकरण विद्यार्थ्याने बिनचूक लिहिले होते. परंतु वायुरूप नायट्रोजनात अणू एकेकटे नसून जोडीने वावरतात, सबब त्याच्या एका मोलाचे वस्तुमान 14 नव्हे तर 28 ग्रॅम धरावयाचे, हे विसरून त्याने 2 मोल नायट्रोजन मांडला आणि हायड्रोजनासही 1 हेच वस्तुमान दिले. त्यामुळे हायड्रोजन 6 मोल, म्हणजे 6 ग्रॅम लागतो असे निघाले, आणि विलक्षण हे की तो आकडा खरा आहे! दोन सारख्याच चुकांनी परस्परांस झाकले होते. दोष उघडकीस आला तो अमोनियाच्या रकान्यात, कारण त्याचे रेणुवस्तुमान 17 असे योग्यच घेतल्याने 4 मोलांचे 68 ग्रॅम झाले: खर्ची 34, जमा त्याच्या दुप्पट. दोन्ही बाजूंच्या वस्तुमानांचा ताळा एका ओळीत घेतला असता, तर हे तत्क्षणी दिसते. NH₃ च्या सूत्रात नायट्रोजनाचा एकच अणू असल्याने तेथे 14 रास्तच आहे. तो आकडा बहुधा तेथूनच उचलला जात असावा.